मागची तारीख टाकून देता का, डॉक्टर?

"डॉक्टर, तेवढी तारीख सोमवारची टाका ना, ऑफिसात द्यायचंय." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा खुर्चीत बसायच्या आधीच ओळखतो. आणि गंमत म्हणजे मागणारा बहुतेक वेळा खरंच आजारी होऊन गेलेला असतो. सोमवार ते बुधवार ताप, घरीच गोळी घेऊन पडून होता, गुरुवारी कामावर गेला तर साहेब म्हणाले सर्टिफिकेट आणा, म्हणून शुक्रवारी माझ्याकडे.

आता ताप खरा असला तरी सोमवारची तारीख टाकली की त्या कागदाचा अर्थ होतो, मी याला सोमवारी तपासलं. ते धादांत खोटं. शिवाय पकडायला सोपं, कारण सर्टिफिकेट बुकात नंबर असतात, शुक्रवारच्या नंबरावर सोमवारची तारीख दिसते, आणि ओपीडी रजिस्टरला सोमवारी त्याचं नावच नसतं. ऑफिसातून फोन आला तर मी काय सांगू? त्याची नोकरी जाईल, माझं रजिस्ट्रेशन.

मग मी काय देतो? आजच्या तारखेचं सर्टिफिकेट. त्यात लिहितो की आज तपासलं, रुग्णाच्या सांगण्यानुसार सोमवार ते बुधवार ताप आणि अंगदुखी होती, आज ताप नाही, घसा अजून लाल आहे, हे सांगितलेल्या आजाराशी जुळतं, कामावर जायला हरकत नाही. ऐकलेलं वेगळं, बघितलेलं वेगळं. काहीच सापडलं नाही तर तसंच लिहितो, उगाच घसा लाल करत नाही 😀 कधी अंगच साक्ष देतं, म्हणजे कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या असतील तर आजार आज-कालचा नाही हे मी स्वतःच्या नजरेने लिहू शकतो. पण साध्या तापाचं तसं नाही, तो गेला की मागे फारसं काही ठेवत नाही. असं सर्टिफिकेट मान्य करायचं की नाही हे शेवटी ऑफिस ठरवतं, ते माझ्या हातात नाही.

म्हणून त्या दिवसांचा जो कागद असेल तो सोबत जोडा. मेडिकलचं बिल, लॅबच्या रिपोर्टवरची सॅम्पल घेतल्याची तारीख, फोनवर डॉक्टरशी बोलला असाल तर त्यांनी पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन, आणि पहिल्या दिवशी सकाळी साहेबांना टाकलेला "आज येत नाही, ताप आहे" हा मेसेजसुद्धा, कारण तो नंतर बनवता येत नाही. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असेल तर माझ्याकडे येऊच नका, त्यांच्याकडे जा, त्यांच्या रजिस्टरला नोंद आहे, त्या नोंदीवरून ते आजच्या तारखेने सरळ लिहून देतील की सोमवारी तपासलं होतं. आणि आधी ऑफिसचा नियम तरी विचारा, काही ठिकाणी एक-दोन दिवसांच्या आजाराला स्वतःच्या सहीचा अर्ज चालतो, सर्टिफिकेट लागतच नाही.