टाउनहॉलचं पहिलं वाक्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या स्टाफच्या सभेत, साहेबांनी काय बोलावं याचा एक मसुदा मी लिहिला होता. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया : "'जुलैनंतरचं आज सांगता येत नाही' असं साहेबाने स्टाफसमोर म्हणायचं? दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं नोकऱ्या शोधायला लागतील. मसुदा लांबलचक आहे, चांगली बातमी एकही नाही. कंपनी कधी चालवली आहे का तुम्ही?"

कंपनी चालवलेली नाही. चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षं एचआर सांभाळलं आहे, आणि मतभेद मांडायला असा खोचक प्रश्न लागत नाही. दोनदा वाचला, दोन्ही वेळा लागला.

आमच्याकडे जानेवारीत कँटीनमध्ये टाउनहॉल झाला. "आता कपात नाही, निर्धास्त राहा," असं साहेब म्हणाले. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. हातात पुढच्या ऑर्डरी नव्हत्या, पण धीर द्यायचा होता. सात आठवड्यांत तेवीस जणांना जावं लागलं. त्यातल्या एकाने लॉकरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, जानेवारीत तुम्हाला ठाऊक होतं का?" पुढच्या टाउनहॉलला एकही प्रश्न आला नाही. साहेबांना वाटलं, वातावरण निवळलं. प्रश्न थांबले म्हणजे विश्वास गेला, हे मी तिथे शिकले. त्यानंतर माणसं नोकऱ्या शोधायला लागली, आणि आधी गेले ते कामाचे.

म्हणून मसुद्यात आश्वासनाला तारीख आहे. एप्रिल ते जूनच्या ऑर्डरी हातात असतील, तर "जूनअखेरपर्यंत कपात नाही" एवढंच म्हणायचं. पुढचं वाक्य : "जुलैनंतरचं आज सांगता येत नाही; ३० जूनला ऑर्डरी बघून ५ जुलैला इथेच सांगेन." तुम्ही त्यातला अर्धाच भाग उचललात. तारीख न देता नुसतं "सांगता येत नाही" म्हटलं तर घबराट होते, हे मलाही कळतं. आणि ५ तारखेला सांगण्यासारखं काही नसलं, तरी साहेबांनी उभं राहायचंच. ती तारीख चुकली की सगळं मुसळ केरात.

मे २०२० मध्ये एअरबीएनबी या प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी स्टाफला पत्र लिहून सुमारे ७,५०० पैकी १,९०० जणांची कपात जाहीर केली. प्रवास पुन्हा कधी सुरू होईल ते नक्की माहीत नाही, हे त्यांनी त्याच पत्रात लिहिलं होतं. कंपनी चालवणारा माणूसच हवा असेल, तर हा घ्या.

लांबीचं मान्य. गेल्या वर्षाच्या घसरणीची कारणं सांगणारा परिच्छेद आज काढला. किती सहकारी गेले आणि पगारवाढ का झाली नाही, ही दोन वाक्यं मात्र सुरुवातीलाच राहतील. समोर बसलेल्यांना ते माहीतच असतं. साहेब ते स्वतःच्या तोंडाने म्हणतात का, एवढंच ते ऐकत असतात. चांगली बातमी त्यानंतर सांगा, असली तर.

पुढच्या वेळी मसुदा शेवटपर्यंत वाचून लिहा. तारखेचं वाक्य पाचव्या ओळीत होतं.