कमलबाईचा मंगळवार : एका प्रतिक्रियेला उत्तर

"कथा वाचली. भाषा छान आहे पण कमलबाई खोटी वाटली. माझी आई तीस वर्षं धरमपेठेत धुणीभांडी करत होती, तिनं कधी कोणत्या वहिनीला शहाणपणाचं वाक्य ऐकवलं नाही, तेवढा टाइमच नव्हता. तुमच्या कमलबाईला स्वतःचं असं काही आहे का? की ती फक्त वहिनींना माणुसकी शिकवायला येते आणि जाते? त्यापेक्षा अशा लोकांवर न लिहिलेलंच बरं."
— एक वाचक, नागपूर

नमस्कार. उत्तराला बारा दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं ते सगळं स्वतःची बाजू मांडणारं होतं, ते खोडलं. मग कथेची प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन बसले. ज्या ज्या वाक्यात कमलबाई काही करते तिथं खूण केली. 41 वाक्यं निघाली. त्यातल्या बहुतेकांत ती भांडी घासते, पोछा मारते, कूलरमध्ये पाणी भरते किंवा वहिनींशी बोलते. सहा वाक्यांत तिचं शरीर आहे, भेगा पडलेल्या टाचा, हिरव्या बांगड्या, वगैरे. आणि ती "विचार करते" अशी वाक्यं फक्त दोन, आणि दोन्ही वेळा विचार वहिनींचाच. म्हणजे डोक्याच्या आत सुद्धा ती आमच्याच घरी कामाला होती. तुमचा प्रश्न बरोबर आहे, तिला स्वतःचं काही नव्हतं, मी दिलंच नव्हतं.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मे महिना, नागपूरच्या प्रतापनगरातलं घर, वहिनींचं सोन्याचं कानातलं हरवतं, संशय कमलबाईवर जातो, दोन दिवसांनी ते कूलरच्या टाकीत सापडतं, आणि कमलबाई म्हणते, "वहिनी, सोनं हरवलं तं सापडते, इज्जत हरवली तं नाही सापडत." वहिनी रडतात. कथा संपते. हे वाक्य लिहिलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आता दिसतं की संशय आला तिच्यावर, अपमान झाला तिचा, आणि शेवटी मन हलकं झालं ते वहिनींचं. गरीब पण प्रामाणिक, कमी शिकलेली पण शहाणी, असं पात्र आपल्याला चोर मोलकरणीच्या पात्रापेक्षा चांगलं वाटतं, पण आतून दोन्ही सारखीच रिकामी असतात, दोघींची किंमत मालकिणीला त्यांचं काय झालं यावरूनच ठरते.

ही चूक माझ्यासारख्या नवख्या लोकांकडूनच होते असंही नाही. टॉलस्टॉयच्या इव्हान इल्यिचच्या गोष्टीत गेरासिम नावाचा नोकर आहे. तरुण, धडधाकट, कायम प्रसन्न. मरणाऱ्या मालकाला बरं वाटावं म्हणून तो त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो, कधी कधी रात्र रात्र. कथा थोरच आहे, पण त्या रात्री गेरासिमच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याचे खांदे भरून आले का, त्याला कुठं दुसरीकडे असावंसं वाटलं का, हे कुठंच येत नाही. तो मालकाला मरण सोपं करायला आहे.

त्याच वर्षी, 1886 मध्ये, चेखवची एक छोटी कथा आली, योना नावाच्या घोडागाडीवाल्याची. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय, तो प्रत्येक पॅसेंजरला सांगायला बघतो आणि कोणी ऐकत नाही, शेवटी तो घोडीला सांगतो. एवढं बहुतेकांना आठवतं. पण मला या वेळी वाचताना दोन बारीक गोष्टी लागल्या. एक म्हणजे त्याला नुसतं "मुलगा गेला" असं सांगायचं नाहीये, त्याला क्रमानं सांगायचंय, आजारी कसा पडला, मरताना काय बोलला, हॉस्पिटलातून त्याचे कपडे आणायला कसं गेलो. आणि गावाकडं एक मुलगी आहे, तिच्याबद्दलही बोलायचंय. दुसरी गोष्ट, त्याला इतकं वाईट का वाटतंय याचं कारण तो स्वतःच चुकीचं लावतो, त्याला वाटतं की आज घोडीच्या दाण्यापुरतीसुद्धा कमाई झाली नाही म्हणून आपण असे उदास आहोत. दुःख हिशोबाच्या रूपात वर येतं. यात शहाणपणाचं एकही वाक्य नाही, पण माणूस पूर्ण आहे. त्याच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी ऐकणाऱ्याच्या काहीच कामाची नाही आणि तरी त्याला ती सांगायचीच आहे. माझ्या कमलबाईकडे अशी गोष्ट नव्हती.

आता भाषेबद्दल, हे तुम्ही लिहिलं नाही पण लिहायला हवं होतं. माझ्या कथेत कमलबाई "मले", "तुले", "काहून" बोलते आणि वहिनी एकदम पुस्तकी, "तू कुठे जात आहेस कमल?" अहो, प्रतापनगरात असं कोण बोलतं? आमच्या घरी सगळे "कुठं जाऊन राहिली", "काय करून राहिले" असंच बोलतात, माझे वडील शाळेत मराठी शिकवायचे, तेही घरी असंच बोलायचे. मी वहिनींची बोली धुवून इस्त्री केली आणि कमलबाईची तशीच ठेवली, वरून थोडी जास्तच घट्ट केली. त्यामुळे बोली ही तिची भाषा न राहता तिच्या अंगावरच्या मळासारखी दिसते. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये, 1960 ची कादंबरी, माणसं वऱ्हाडी बोलतात, पण तिथं ती सगळ्यांचीच बोली आहे म्हणून तिच्यामुळे कोणी खालचं वाटत नाही, आपण नायिका कौतिकचं ऐकत राहतो फक्त. नव्या ड्राफ्टमध्ये वहिनी पण "करून राहिली" म्हणते. एवढ्या एका बदलानं दोघींमधलं अंतर भाषेतून निघून जिथं खरं आहे तिथं गेलं, म्हणजे पैशात.

आणि पैशावरूनच मला मंगळवार सापडला. आमच्याकडे ज्या ताई येतात त्या मंगळवारी उशिरा येतात. नऊ वर्षं येताहेत, मी कधी विचारलं नव्हतं का म्हणून. जुन्या कथेत सुद्धा मी लिहिलं होतं, "कमलबाई मंगळवारी हमखास उशीर करायची," वहिनींची चिडचिड दाखवायला. तुमची कमेंट वाचल्यावर विचारलं. मंगळवारी सकाळी गटाची मीटिंग असते. बचत गटाची नाही, कर्जाच्या गटाची. दहा-एक बाया मिळून कर्ज उचलतात, प्रत्येकीचं वेगळं, पण जामीन एकमेकींच्या. कंपनीचा पोरगा येतो, दर आठवड्याला हप्ता. एखादी आली नाही तर बाकीच्यांनी तिचे भरायचे, तोवर मीटिंग सुटत नाही, कोणाला कामावर जाता येत नाही.

इथं एक सांगते ते नीट सांगायला हवं. मी त्यांना फक्त रीत विचारली, मीटिंग किती वाजता, पैसे कोण गोळा करतं, एखादी नाही आली तर काय. "तुम्हाला तेव्हा काय वाटतं" हे विचारलं नाही. कारण त्या हातात तवा घेऊन उभ्या होत्या आणि समोर मी, पगार देणारी. अशा वेळी जे उत्तर येईल ते मला झेपेल असंच येईल. आणि त्यांचं आयुष्य उचलून माझ्या कथेत टाकायचं नव्हतं. रीत बाहेरून कळू शकते. आतलं मला स्वतः रचावं लागेल आणि चुकलं तर ती चूक माझ्या नावावर.

तर नवी कमलबाई अशी झाली. ती जैताळ्याच्या दहा बायांच्या गटाची प्रमुख आहे. कर्ज 30,000, हप्ता 650. त्या मंगळवारी रेखा आली नाही. उरलेल्या नऊ जणींनी बहात्तर-बहात्तर काढले, झाले 648, वरचे दोन रुपये कमलबाईनं टाकले, आणि ते दोन रुपये ती विसरत नाही. मग ती रेखाच्या घरी जाते. रेखाचा नवरा झोपलेला, पोरगी दारात. कमलबाई काही न बोलता मिक्सर उचलते, वायर गुंडाळते आणि आपल्या घरी नेऊन ठेवते, पैसे दे आणि घेऊन जा. त्यानंतर ती प्रतापनगरला पोचते, पाऊण तास उशिरा, आणि वहिनी म्हणते, "कमल, माझं कानातलं दिसून नाही राहिलं, तू पाहिलं का?"

जुन्या कथेत इथं तिला अपमान वाटला होता. आता आधी हिशोब येतो. हे घर गेलं तर महिन्याचे 1,800 गेले, म्हणजे जवळपास तीन हप्ते, म्हणजे पुढच्या एखाद्या मंगळवारी नऊ जणी आपल्यासाठी पैसे काढतील आणि कोणीतरी आपल्या दारात येऊन काय उचलता येईल ते बघेल. मग तिला मिक्सर आठवतो. आपल्या घरात ओट्यावर ठेवलेला, दुसरीचा. वहिनी जे विचारते त्याला "नाही" हे खरं उत्तर आहे, पण ते तोंडातून पटकन निघत नाही. वहिनीला ते थांबणं दिसतं आणि ती आपला अर्थ लावते.

मला माहीत आहे यात धोका आहे. काही वाचक म्हणतील बघा, या बाया एकमेकींशी अशाच वागतात. म्हणून मिक्सरच्या आधी मीटिंग पूर्ण दाखवलीय, घड्याळासकट, नऊ जणींचं काम खोळंबलंय ते, कंपनीचा पोरगा सारखा मोबाइल बघतोय ते. कारण दिसलं नाही तर कठोरपणा हा तिचा स्वभाव वाटेल, आणि स्टिरिओटाइप म्हणजे तेच की, परिस्थितीचं कारण काढून टाकायचं आणि उरलेलं माणसाला चिकटवायचं. पण कमलबाईला मऊ करणार नाही. तिला कुठंतरी सत्ता आहे, ती वापरताना ती चुकते, आणि त्याची तिला टोचणी आहे. वहिनींना हा सगळा हक्क पहिल्या ड्राफ्टपासून होता.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही. न लिहिणं हे सुटल्यासारखं आहे. आमच्या कथांमधली घरं मग आपोआप झाडली जातील, भांडी आपोआप घासली जातील, आणि ते खोट्या कमलबाईपेक्षा मोठं खोटं होईल. तुमच्या आईबद्दल तुम्ही लिहाल तर त्यात जे येईल ते माझ्या हाताला कधीच लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या घरात जे माणूस रोज दोन तास असतं त्याच्याविषयी मला लिहिता यायला हवं, आणि जमेपर्यंत तुमच्यासारख्यांचं ऐकायला हवं.

इज्जतीचं वाक्य काढून टाकलंय. कानातलं सापडतं की नाही हेही नव्या ड्राफ्टमध्ये येत नाही, कारण कमलबाई भांडी अर्धी टाकून जैताळ्याला परत निघते, मिक्सर रेखाकडे न्यायला, आणि कथा तिच्यासोबत जाते. मागं वहिनींच्या घरात काय झालं ते आपल्याला कळत नाही.