तापाचं सिरप जास्त पोटात गेलं तर

नागपुरात फिरणारा मेसेज: ‘लेकरानं तापाचं सिरप जास्त प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. पोर खेळत असेल तर घाबरू नका.’

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. मिठाच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि तापाच्या सिरपमधल्या पॅरासिटामॉलचा धोका यकृताला असतो; पहिले 24 तास मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. उतारा असलेलं एन-अॅसिटिलसिस्टीन मात्र 8 तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं.

तेव्हा तोंडातलं उरलंसुरलं पुसा, बाटली उचला आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला 1800 116 117 वर फोन करा. मूल सुस्त असेल किंवा सारखं ओकत असेल तर फोनाफोनी नको, थेट 108.

केंद्रावर वजन, वय, किती वाजता घेतलं, बाटलीत किती कमी झालं, आधी डोस दिला होता का आणि लेबलवरची ताकद विचारतात. ही ताकदच लोक सांगायला विसरतात. समजा, 10 किलोच्या मुलानं 40 मिली घेतलं. 5 मिलीत 120 मिग्रॅ असेल तर 960 मिग्रॅ झाले, म्हणजे किलोमागे 96. तेच 250 वालं असेल तर किलोमागे 200, आणि 150 पासूनच गंभीर मानतात. सांडलं किती, याचा अंदाज नसेल तर सगळं पोटात गेलं असंच धरा.

हा हिशेब घरी थांबण्यासाठी नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात जाताना बाटली सोबत न्या. रक्ततपासणी साधारण 4 तासांनी होते, पण पोहोचायचं त्याआधीच.