खाच पकड देत नाही, पाण्याला वाट देते

«टायर रस्त्याला धरतो तो खाचांमुळे. शर्यतीच्या गाडीचे टायर गुळगुळीत ठेवतात ते घर्षण कमी होऊन वेग वाढावा म्हणून. पाऊस आला की त्याच टायरला खाचा पाडतात, कारण खाचा ओल्या रस्त्यात रुततात. तेव्हा गोटा झालेला टायर कोरड्या दिवसांत बिनधास्त वापरा, तो शर्यतीचा टायरच असतो.»

यातील पहिले विधान मुळातच चुकीचे असून पुढची सगळी विधाने त्याच्यावरच उभी आहेत, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागेल. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते हा शाळेत शिकलेला नियम कठीण पदार्थांना बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला मात्र तो लागू पडत नाही. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर तो खडीच्या बारीक टोकांचा बनलेला असतो आणि भाराखाली रबर त्या टोकांभोवती दबून बसते. तेथे पकड दोन प्रकारे निर्माण होते. रबराचे रेणू आणि खडीचा पृष्ठभाग यांच्यात थेट चिकटण्याचे बल असते, हा एक प्रकार. दुसरा असा की, टायर किंचित घसरत असताना रबर खडीच्या टोकावर दबते आणि पुढे जाऊन पुन्हा फुगते, परंतु दबताना घेतलेली सर्व ऊर्जा परत देत नाही. जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तिच्याइतकाच घसरण्याला विरोध होतो. या दोन्हींसाठी रस्त्याला टेकलेले रबर लागते, आणि खाच म्हणजे नेमकी रबर नसलेली जागा. खाचांमुळे उरलेल्या रबरावरचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की रबराचा घर्षणगुणांक उतरतो. म्हणजे कोरड्या, कठीण रस्त्यावर खाचांनी पकड घटते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फॉर्म्युला वनच्या नियमांतच सापडतो. वळणांवरील वेग कमी व्हावा, म्हणजे गाड्यांची पकड कमी व्हावी, या उघड हेतूने 1998 मध्ये कोरड्या हवामानाच्या टायरलाही खाचा सक्तीच्या करण्यात आल्या. पुढच्या टायरला पहिल्या वर्षी तीन आणि 1999 पासून चार सरळ खाचा असत. प्रत्येक खाच वरच्या बाजूला 14 मिलिमीटर रुंद आणि किमान 2.5 मिलिमीटर खोल. चार खाचा धरल्या तर प्रत्येक टायरच्या रुंदीतून 56 मिलिमीटर रबर काढून घेतले गेले. शिवाय खाचांमधले पट्टे आडव्या बलाखाली वाकत, त्यांच्या कडा फाटू नयेत म्हणून रबर अधिक कडक घ्यावे लागे, आणि पकड आणखी उतरे. 2009 मध्ये गुळगुळीत टायर परत आले. खाचांनी पकड वाढत असती, तर वेगाला लगाम घालण्यासाठी कोणी त्या सक्तीच्या केल्या नसत्या.

घर्षण कमी करण्याच्या कल्पनेत दुसराच गोंधळ आहे. फेरीचा वेळ वाचतो तो वळणावर अधिक वेग राखण्यात, उशिरा ब्रेक लावण्यात आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवण्यात, आणि या तिन्हींना घर्षण शक्य तितके जास्त हवे असते. स्लिक टायर त्यासाठीच असतो. परंतु तो नुसता खाचा नसलेला टायर नव्हे. त्याचे रबरच निराळे असते, आणि दाव्यात नेमका याचाच मागमूस नाही.

टायरचे रबर म्हणजे नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक किंवा सिलिका, तेले, राळा आणि गंधक यांचे भट्टीत पक्के केलेले मिश्रण, ज्याला व्यवसायात कंपाउंड म्हणतात. अशा प्रत्येक मिश्रणाला एक तापमान असते ज्याच्या खाली ते काचेसारखे कडक होते, आणि त्याच्या बरेच वर गेले की ते इतके मऊ होते की फाटू लागते. दरम्यानच्या एका पट्ट्यात ते सर्वाधिक ऊर्जा गिळते, म्हणजेच सर्वाधिक पकड देते. शर्यतीच्या स्लिकसाठी हा पट्टा सर्वसाधारणपणे 90 ते 110 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला असतो. म्हणूनच अनेक शर्यतींत टायर गाडीला लावण्यापूर्वी विजेच्या आवरणांत तापवतात आणि चालक शर्यतीआधी गाडी डावी-उजवीकडे फिरवत नेतात. थंड स्लिक कोरड्या रस्त्यावरसुद्धा बेभरवशाचा असतो. साध्या गाडीचा टायर नेहमीच्या चालवण्यात त्या तापमानाला पोहोचतच नाही. तेथे शर्यतीचे स्लिक लावले तर ते आपल्या पट्ट्याच्या खालीच राहतील, आणि कधी तापलेच तर हजारो किलोमीटर टिकण्याऐवजी थोड्याच अंतरात संपतील.

साध्या टायरचे कंपाउंड त्यामुळे वेगळ्याच अटींवर बनते. सकाळच्या गारठ्यात पहिल्या वळणावर त्याने पकड द्यायची असते, वर्षानुवर्षे टिकायचे असते, आणि फिरताना इंधन वाया घालवायचे नसते. शेवटची अट वरवर पाहता पकडीच्या विरुद्ध आहे, कारण पकडीला ऊर्जा गिळणारे रबर हवे आणि इंधनबचतीला ऊर्जा परत देणारे. यातून मार्ग निघतो तो वेगाच्या फरकामुळे. सुमारे 2 मीटर परिघाचा टायर ताशी 80 किलोमीटर वेगाने सेकंदाला 11 वेळा फिरतो, म्हणजे रबराचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा दबतो. खडीच्या टोकांवरून घसरताना मात्र त्याला सेकंदाला हजारो आणि त्याहून अधिक हादरे बसतात. जलद हादऱ्यांत रबर जणू थंड झाल्यासारखे वागते. म्हणून प्रयोगशाळेत 60 अंशांजवळची ऊर्जाहानी इंधनाचा अंदाज देते आणि 0 अंशांजवळची ऊर्जाहानी ओल्या रस्त्यावरील पकडीचा. पहिली कमी आणि दुसरी जास्त ठेवणे सिलिकामुळे शक्य झाले. मिशेलिन कंपनीने असा टायर 1992 मध्ये बाजारात आणला. शर्यतीत इंधनाची ही काळजी जवळजवळ नसतेच, त्यामुळे स्लिकच्या मिश्रणात अशी तडजोड करावी लागत नाही.

आता पावसाविषयी. डांबर कठीण असते आणि त्यात काही रुतत नाही. रुतणे चिखलात किंवा बर्फात घडते, आणि तेथे मोठ्या गठ्ठ्यांची नक्षी खरोखरच पकड देते. बहुधा या गैरसमजाचे मूळ तिथलेच असावे. ओल्या रस्त्यावर प्रश्न एवढाच असतो की रबर आणि खडी यांच्यामधले पाणी वेळेत कोठे जाणार. एक हिशेब करून पाहू. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग 20 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर लांब आहे, रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी आहे आणि वेग ताशी 80 किलोमीटर आहे असे धरू. टेकलेल्या भागाखाली 90 मिलिलिटर पाणी येते आणि ते हटवायला मिळतात सेकंदाचे जेमतेम सात हजारांश. सेकंदाच्या भाषेत सांगायचे तर 13 लिटरांहून अधिक पाणी. टेकलेल्या भागातील 30 टक्के जागा खाचांची आणि खोली 8 मिलिमीटर असेल, तर खाचांत 72 मिलिलिटर पाणी मावते आणि उरलेले थोडे बाजूंनी ढकलले जाते. तीच खोली झिजून 1.6 मिलिमीटर झाली की 14 मिलिलिटरच मावते. बाकीचे पाणी पुढे साचते, त्याचा दाब वाढत जातो, आणि तो टायरमधील हवेच्या दाबाच्या तोडीस आला की टायर उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो.

विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून निघालेले एक ढोबळ सूत्र हा वेग सांगते:

```
V = 6.35 × √p
```

येथे V म्हणजे ताशी किलोमीटर आणि p म्हणजे किलोपास्कलमधील हवेचा दाब. 220 किलोपास्कलला उत्तर येते सुमारे 94, आणि दाब 165 पर्यंत उतरू दिला तर सुमारे 82. हे सूत्र खाचा पाण्याला पुऱ्या पडत नसतात तेव्हाचे आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. टायर तरंगू लागल्याची खूण चालकाला हातातच कळते: स्टिअरिंग एकाएकी हलके होते आणि इंजिनाचे फेरे गाडीचा वेग न वाढता वाढतात.

शर्यतीचा पावसाळी टायर हेच काम टोकाला नेतो. पिरेलीचा फॉर्म्युला वनसाठीचा मुसळधार पावसाचा टायर ताशी 300 किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी बाजूला सारतो असे कंपनी सांगते. रॅलीसारख्या शर्यतींत हाताने खाचा कोरण्याची पद्धत आहे, एवढा सत्यांश दाव्यात आहे. परंतु खऱ्या पावसाळी टायरचे कंपाउंडही वेगळे असते, कारण पाणी टायरला सतत थंड करत राहते आणि रबराला स्लिकपेक्षा बऱ्याच कमी तापमानात काम करावे लागते. रस्ता सुकू लागला की याची उलट बाजू दिसते. उंच, मऊ गठ्ठे कोरड्या डांबरावर हेलकावतात, आतून तापतात, त्यांवर फोड येतात आणि तुकडे उडू लागतात. म्हणून चालक सरळ भागात मुद्दाम ओल्या पट्ट्यांवरून गाडी नेऊन टायर थंड करताना दिसतात.

राहिला गोटा झालेला टायर. प्रामाणिकपणे सांगायचे तर खाचा उथळ झाल्या की गठ्ठे कमी हेलकावतात आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढतेच असे नाही, कधी ते किंचित घटतेही. काही हौशी शर्यतींत रस्त्याचे नवे टायर याच कारणासाठी मुद्दाम तासून वापरतात. पण तो तासलेला टायर ताज्या रबराचा असतो आणि त्याच्यावर नजर ठेवून तो लवकर काढला जातो. वापरून गोटा झालेल्या टायरमधील रबर उन्हाने, हवेतील ऑक्सिजन व ओझोनने आणि वारंवारच्या तापण्याने कडक झालेले असते. अनेक टायरांत वरचा थर संपला की खाली दुसऱ्याच, पकडीसाठी न बनवलेल्या मिश्रणाचा थर लागतो, आणि त्याखालच्या पोलादी तारा व खिळा-काच यांच्यामध्ये फारसे काही उरलेले नसते. शर्यतीच्या स्लिकशी त्याचे साम्य केवळ दिसण्यापुरते आहे. झीज पाहायची तर मुख्य खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की 1.6 मिलिमीटर उरले, आणि अनेक देशांत कायद्याने टायर तेथेच बाद होतो. वय पाहायचे तर बाजूच्या भिंतीवर `DOT` अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक वाचावेत: `2319` म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.