लेबलवरच्या खुणा: फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

«कपड्यांच्या लेबलवरच्या खुणा वाचायला शिका! टबमधला आकडा म्हणजे तितक्या डिग्रीच्या गरम पाण्यातच धुवा, नाहीतर मळ निघत नाही. त्रिकोण दिसला की ब्लीच बंद. चौकोनातल्या गोलावर फुली म्हणजे उन्हात वाळवू नका. इस्त्रीवरचे ठिपके म्हणजे इस्त्री किती वेळ फिरवायची. शेवटी वर्तुळ असलं तर घरी धुवायचंच नाही, ड्रायक्लीनच. सगळ्यांना पाठवा.»

आमच्या रामबागेतल्या मंडळाच्या ग्रुपवर हे आलं आणि तासाभरात नात्यातल्या आणखी दोन ग्रुपांवरून माझ्याकडे परत आलं. इंदूरच्या रेडीमेडच्या धंद्यात माझं काम शिलाईचं आहे. बाजूच्या शिवणीत ही लेबलं आमच्याकडे रोज बसवली जातात, त्यामुळे गप्प बसवलं नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण पाचही वाक्यं चुकली आहेत, आणि त्यातल्या दोन चुका कपड्यावर पडतात.

टबमधला आकडा ही वरची हद्द आहे. ४० लिहिलं असेल तर ४० अंशांच्या वर जायचं नाही. खाली २५ला धुतलं तरी कपड्याचं काही बिघडत नाही. मळ निघतो की नाही हे साबण, भिजवण आणि घासणं यांवरही ठरतं. थंडीत पावडर पाण्यात नीट विरघळत नाही आणि तिचे पांढरे कण कपड्यावर राहतात, त्यासाठी ती आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घ्यावी, झालं. काही परदेशी कपड्यांवर आकड्याऐवजी टबमध्ये ठिपके असतात: एक म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०. टबमध्ये हात काढलेला असेल तर हाताने धुवायचं, आणि तिथेही पाणी ४०च्या वर नको.

आपल्या गावात ही हद्द भलत्याच वेळी ओलांडली जाते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. ते ३०चं नसतंच, कधी ४०च्याही वर असतं. मशीनवर ३० लावून काही होत नाही, कारण मशीन पाणी तापवू शकतं, थंड करू शकत नाही. उन्हाळ्यात नाजूक कपडे सकाळी सहा-सातला धुवावेत, टाकी रात्रभरात निवलेली असते तेव्हा.

आकड्यापेक्षा टबखालच्या रेघा मी जास्त महत्त्वाच्या मानतो, आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. रेघ नसेल तर नेहमीची धुलाई. एक रेघ म्हणजे हलक्या हाताची: मशीन अर्धंच भरायचं, जेंटल किंवा सिंथेटिकचा प्रोग्राम, पिळणं कमी. दोन रेघा म्हणजे आणखी हलकी, मशीन तिसरा हिस्साच भरायचं. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांवर ही खूण दिसते. लोकरीचा स्वेटर आखडतो तो नुसत्या गरम पाण्याने नाही. गरम पाणी, साबण आणि घुसळण तिन्ही एकत्र आली की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकत जातात, आणि अडकलेले पुन्हा सुटत नाहीत. ३०च्या पाण्यातही मशीन गच्च भरून जोरात फिरवलं तर तो आखडेल.

त्रिकोणाबद्दल. ही खूण ब्लीचची, एवढं खरं. पण मनाई फक्त फुलीने होते. रिकामा त्रिकोण म्हणजे कुठलंही ब्लीच चालेल. आत दोन तिरक्या रेघा असतील तर क्लोरीनचं चालणार नाही, ऑक्सिजनचं चालेल. फुली मारलेला असेल तर दोन्ही बंद, आणि ज्या साबणात ब्लीच मिसळलेलं असतं तोही नको. क्लोरीनचं म्हणजे बाटलीतलं, तीव्र वासाचं, पांढऱ्या चादरींना वापरतात ते. ऑक्सिजनचं म्हणजे डाग काढायची पावडर म्हणून मिळतं ते. डब्यावर बहुधा सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं.

हा भेद का, तर क्लोरीन लोकर आणि रेशीम खाऊन टाकतं, आणि ताणणाऱ्या कपड्यातल्या इलॅस्टेनला पिवळं करून मरगळवतं. सुती वाटणाऱ्या कुर्त्यात हल्ली दोन-तीन टक्के इलॅस्टेन सर्रास असतं, म्हणून त्याच लेबलावर कापडाचे टक्केही वाचावेत. (क्लोरीनच्या बाटलीबरोबर संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. लेबलाशी याचा संबंध नाही, पण बाथरूममध्ये दोन्ही बाटल्या शेजारीच असतात.)

आता चौकोन. या मेसेजातली सगळ्यात महाग चूक इथे आहे. चौकोन म्हणजे वाळवणं, आणि त्यातलं वर्तुळ म्हणजे गरम हवेचा ड्रायर, ज्याचं पिंप फिरत कपडे वाळवतं. फुली त्या ड्रायरवर आहे. उन्हाचा तिच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत असा ड्रायर नसतोच. सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या भांड्याला आपण ड्रायर म्हणतो, पण ते फक्त पाणी पिळून काढतं. त्यालाही ही फुली लागू नाही. ज्यांच्याकडे धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये आहे, त्यांनी मात्र ही खूण बघायलाच हवी. वर्तुळात एक ठिपका असेल तर कमी गरम, सुमारे ६० अंशांपर्यंत. दोन असतील तर ८०पर्यंत.

उन्हाची खूण वेगळीच असते: चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा. त्या असल्या तरच सावलीत. मधोमध एक उभी रेघ म्हणजे दोरीवर टांगा, दोन उभ्या म्हणजे न पिळता निथळत टांगा, आडवी रेघ म्हणजे सपाट पसरा. स्वेटर टांगला की स्वतःच्या ओल्या वजनाने लांबतो, म्हणून त्याला आडवी रेघ.

ही चूक महाग का पडते, ते एका कुर्त्यावर पाहू. क्रीम रंगाचा, ९७ टक्के सुती, ३ टक्के इलॅस्टेन, गळ्याला मरून रंगाचं भरतकाम. रविवारी सकाळी पोहे खाताना जिरावण सांडलं आणि पोटावर हळदीचा डाग पडला. लेबल असं: टबमध्ये ३० आणि खाली एक रेघ, त्रिकोणात दोन तिरक्या रेघा, चौकोनातल्या वर्तुळावर फुली, शेजारी एक उभी रेघ असलेला चौकोन, इस्त्रीत दोन ठिपके, वर्तुळात पी.

साबण लागल्याबरोबर डाग लालभडक होतो. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो, एवढंच. डाग वाढलेला नसतो. घाबरून क्लोरीनची बाटली ओतणारे इथेच फसतात, कारण इलॅस्टेन पिवळं पडलं की उरलेला पिवळेपणा हळदीचा की ब्लीचचा, हेही मग कळत नाही. दोन रेघांचा त्रिकोण ऑक्सिजनच्या पावडरीला परवानगी देतो. ती कोमट पाण्यात, ३०च्या आतच, विरघळवून कुर्ता तासभर बुडवायचा. एवढ्या कमी गरम पाण्यात ही पावडर सावकाश काम करते, म्हणून भिजवण लांब ठेवायची, पाणी तापवायचं नाही. आधी आतल्या शिवणीवर, भरतकामाचा धागा जिथे मागे दिसतो तिथे, थेंबभर लावून रंग सुटत नाही ना ते बघावं. मग जेंटलवर धुवायचा.

यानंतरही फिकट पिवळं काहीतरी राहतंच, आणि ते ऊन घालवतं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. या लेबलावर कोपऱ्यातल्या तिरक्या रेघा नाहीत, म्हणजे ऊन चालतं. ओला कुर्ता डागाची बाजू सूर्याकडे करून दोरीवर टाकायचा आणि गळ्याचं भरतकाम पांढऱ्या फडक्याने झाकायचं, कारण तेच ऊन मरून धागाही उतरवतं. दोन-तीन तासांनी बघायचं, उरलं तर पुन्हा ओलं करून पुन्हा उन्हात. मेसेज वाचून हाच कुर्ता कुणी घरात, पंख्याखाली वाळवला तर डाग तसाच राहील, आणि दोष मात्र साबणाला जाईल.

इस्त्रीच्या ठिपक्यांचा वेळेशी संबंध नाही, ते तापमान सांगतात. एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. घरच्या इस्त्रीच्या गोल चकतीवरही हेच ठिपके असतात, लेबलाशी जुळवून घ्यायचे. नायलॉन, अॅक्रिलिकला एक, लोकर-पॉलिएस्टरला दोन, सुती-लिननला तीन. इस्त्रीखालच्या वाफेवर फुली असली तर वाफ बंद ठेवायची. खरी अडचण गल्लीतल्या प्रेसवाल्या भैयांची आहे: कोळशाच्या इस्त्रीला चकतीच नसते. त्यांच्याकडे तीन ठिपक्यांचे कपडे बिनधास्त द्यावेत, दोन ठिपक्यांचे वर ओलसर सुती फडकं टाकून करायला सांगावेत, एक ठिपक्याचे देऊच नयेत. इस्त्री जास्त तापली हे आधी चमकेवरून कळतं. पॉलिएस्टरच्या शिवणीवर, कॉलरच्या कडेवर काचेसारखी चकाकी येते. ती आली की धागे वितळून सपाट झालेले असतात आणि ती परत जात नाही. म्हणून गडद कपडे उलटे करून इस्त्री करावेत.

वर्तुळ आपल्यासाठी नाहीच, ते ड्रायक्लीनवाल्यासाठी आहे. पी म्हणजे परक्लोरोएथिलीन आणि त्याहून सौम्य द्रावणं चालतील. एफ म्हणजे फक्त हायड्रोकार्बनची. डब्ल्यू म्हणजे दुकानातली पाण्याची धुलाई. घरी धुवायचं की नाही हे वर्तुळ ठरवत नाही, पहिली खूण ठरवते. टबवर फुली असेल आणि वर्तुळ मोकळं असेल, तर घरी नको. टब मोकळा असेल तर घरी खुशाल धुवा, वर्तुळ फक्त दुसरा मार्गही उघडा असल्याचं सांगतं. आणि वर्तुळावरच फुली असेल तर ड्रायक्लीनला देऊ नका. राजवाड्याजवळच्या दुकानात कपडा टाकताना लेबल टोचतं म्हणून कापलेलं असेल, तर निदान त्याचा फोटो दाखवा. पी आणि एफमधला फरक काउंटरवरच्या माणसाला नुसता कपडा हातात घेऊन कळत नाही.