खुलासा: वॉरंटी संपली म्हणून चॅट पुसू नका

दुकानदारांमध्ये असा मेसेज फिरतोय: “वॉरंटीची मुदत संपली की गिऱ्हाइकाचं चॅट डिलीट करा, बिल असलं की पुरे.”

हे चूक आहे. समजा, मिक्सरला 12 महिन्यांची वॉरंटी आहे. अकराव्या महिन्यात गिऱ्हाईक “पातं फिरताना आवाज येतोय” असा व्हिडिओ पाठवतं आणि दुरुस्ती तेराव्या महिन्यात होते. तक्रार मुदतीत आली होती, हे बिलावर कुठेच नसतं. ते त्या मेसेजच्या तारखेवरूनच कळतं. त्यामुळे तक्रार किंवा वाद पूर्ण मिटेपर्यंत ते चॅट ठेवावंच लागतं.

कराचं गणित वेगळं. चॅटवर ठरलेली सूट, परत केलेले पैसे, बदललेली ऑर्डर हा हिशेबाच्या नोंदीचा आधार असतो. तो हिशेबाच्या वह्यांइतकीच वर्षं जपायचा. ही मुदत बहुधा विक्रीच्या दिवसापासून मोजत नाहीत, वर्षअखेर किंवा विवरणपत्राच्या तारखेपासून मोजतात. आपल्या कर सल्लागाराकडून नक्की करून घ्या.

नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो, त्यात बरेचदा नंबर नि तारीख नसते. चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट करून फाइलला बिल क्रमांक द्या. बाकी गप्पा, पत्ते खुशाल पुसा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.