फुलस्टॉप कुठे ठेवलाय, साहेब?

अरबी कोर्टाचा निकाल भाषांतराला आला की मी पहिल्यांदा वाचत नाही, पहिल्यांदा फुलस्टॉप शोधते. पीडीएफ उघडायची, झूम करायची आणि खाली खाली सरकत जायचं, कुठे एखादं टिंब दिसतंय का बघत. आता अरबी लिपीत टिंबांना काय तोटा, कुणाच्या पोटाखाली एक, कुणाच्या डोक्यावर दोन, कुणाच्या तीन, आणि त्या सगळ्या गर्दीत वाक्य संपल्याचं टिंब ओळखायचं, तेही कुणीतरी मोबाइलवर तिरका फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली असताना. बऱ्याचदा जे सापडतं ते झेरॉक्स मशीनच्या काचेवरच्या कचऱ्याचं निघतं.

परवाचा निकाल चिपळूणकडच्या एका काकांचा. आखातात ड्रायव्हर होते, कंपनीने पगार थकवला, वर कामावरून काढलं, यांनी तिथल्या लेबर कोर्टात केस टाकली आणि गावी परत आले. निकाल व्हॉट्सॅपवर आला. काका म्हणाले, "पोरी, सगळं नको गं, पैसे मिळणार की नाही तेवढं सांग. पण मराठीत लिहून दे, घरी दाखवायचंय."

तेवढं सांग म्हणे. ते "तेवढं" शेवटच्या पानावर असतं आणि तिथपर्यंत जायला मधे एकच वाक्य असतं.

सुरुवात ठरलेली, "ततहस्सल वकाइउद्दावा फी अन्न", म्हणजे दाव्याची हकीकत थोडक्यात अशी की. या थोडक्यातनंतर जे येतं ते मी सांधे न मोडता जसंच्या तसं देते: वादीने दावा दाखल केला प्रतिवादी कंपनीवर आणि मागणी केली की तिला हुकूम व्हावा त्याला देण्याचा थकलेला पगार आणि ओव्हरटाइम आणि न घेतलेल्या रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी आणि परतीचं विमानाचं तिकीट आणि कोर्टाचा खर्च, या म्हणण्याच्या आधारे की तो तिच्याकडे लागला होता लेखी कराराने महिना पगारावर आणि तिने त्याला काढून टाकलं आणि तो रजेवर आणि तिने हिशोब द्यायला नकार दिला, ज्या गोष्टीने त्याला हा दावा लावणं भाग पाडलं. इथे श्वास घेऊ नका, संपलेलं नाही. कॉमा आहे, तोही उलटा.

अरबी वाचणाऱ्याला हे जड जात नाही, हे मला आधी खरंच वाटायचं नाही. पण त्यांचं क्रियापद बहुतेक वेळा पहिलंच येऊन बसतं. दावा दाखल केला, कुणी, वादीने, संपला विषय. मुख्य गोष्ट हातात पडलेली असते, मग पुढे कितीही डबे जोडा, इंजिन तर दिसलंय. इंग्रजीवाला पण कर्ता-क्रियापद लवकर उरकतो, त्याचं तेवढं अडत नाही, फक्त त्याला इतके "अँड" बघून शाळकरी पोराने निबंध लिहिल्यासारखं वाटतं आणि वर्डमध्ये खाली निळ्या रेघा येतात. खरे हाल आपले. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे "वादीने" वरच्या टोकाला आणि "दाखल केला" पार पान संपताना, आणि मधल्या काळात वाचणारा विचारात की या वादीने नक्की काय केलं, पळून गेला की काय. आपल्याकडे असलं वाक्य लग्नपत्रिकेतच चालतं. "आमचे येथे श्रीकृपेकरून" ला सुरू झालेलं गाडं आजोबा, पणजोबा, द्वितीय चिरंजीव, ज्येष्ठ कन्या सगळ्यांना घेऊन "करण्याचे योजिले आहे" ला टेकतं, आणि तिथे चालतं कारण काय योजलंय ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

तर फुलस्टॉप शोधणं हा मुळात चुकीच्या पोलीस स्टेशनात तक्रार देण्याचा प्रकार आहे (तरी मी रोज देते, सवय). अरबीत वाक्याचे सांधे टिंबात नसतात, ते "व" मध्ये असतात. हा व म्हणजे आपला आणि, असं पहिल्या धड्यात शिकवतात, आणि मग भाषांतर करणारी माणसं आयुष्यभर त्या धड्याचे हप्ते फेडतात. परिच्छेदाच्या तोंडाशी असलेला व म्हणजे आणि नव्हेच, ती नुसती "नवीन मुद्दा सुरू" अशी पाटी आहे. अरबीत कॅपिटल अक्षर नाही, मग नवीन वाक्य सुरू झालं हे सांगणार कोण, तर हा. तो मराठीत सरळ गाळायचा आणि त्याच्या आधी फुलस्टॉप द्यायचा. दोन वस्तूंच्या मधला व मात्र खरा आणि, तो ठेवायचा.

तिसरा व डेंजर. वरच्या वाक्यात "आणि तो रजेवर" आहे ना, तो हा. व्याकरणात त्याला वाव अल-हाल म्हणतात. व, त्याच्यामागे लगेच "हुव" म्हणजे तो, आणि मग त्याची अवस्था, असं दिसलं की कान टवकारायचे. तिथे अर्थ "आणि" नसतो, "असताना" असतो. तिने त्याला काढलं, तो रजेवर असताना. आता आणि लावलं तर काका रजेवर होते ही एक फुटकळ माहिती होते, आणि असताना लावलं तर तीच केसचा कणा होते, कारण तिकडच्या बऱ्याच कामगार कायद्यांत माणूस रजेवर असताना त्याला काढणं चालत नाही. एका अक्षरावर हे सगळं, आणि ते अक्षर पुढच्या शब्दाला चिकटवून लिहितात, मधे स्पेस नाही.

चिकटून लिहितात याचे अजून दोन ताप. एक म्हणजे ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही, त्यामुळे "वजद" म्हणजे "सापडलं" आणि "व जद्द" म्हणजे "आणि आजोबा" कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. वारसाहक्काच्या कागदात हे लक्षात घ्या, तिथे सापडण्यासारखं पण खूप असतं आणि आजोबांना पण हिस्सा असतो. दुसरा ताप आर्थिक. आम्हाला पैसे शब्दावर मिळतात आणि शब्द मोजायचे मूळ अरबीतले. "वसयदफऊनहा" हा एक शब्द. मराठीत "आणि ते ती रक्कम भरतील". पाच शब्द मी टाइप केले, पैसे एकाचे. एजन्सीला सांगितलं तर म्हणतात, मॅडम, सॉफ्टवेअर तसं मोजतं.

बरं, आपण म्हणू की एवढे व नका लावू. तर तेही जमत नाही, कारण व न लावणं हीसुद्धा तिथे एक खूण आहे. व शिवाय दुसरं वाक्य आलं की जुन्या नियमाने वाचणारा समजतो की हे पहिल्याचंच स्पष्टीकरण आहे, नवीन काही नाही. कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं यावर अरबी साहित्यशास्त्रात अख्खं प्रकरण असतं, अल-फस्ल वल-वस्ल नावाचं. नवव्या शतकातल्या अल-जाहिझने नोंदवून ठेवलंय की एका पारशी माणसाला, म्हणजे इराणकडच्या, विचारलं, वक्तृत्व म्हणजे काय, तर तो म्हणाला, तोडणं आणि जोडणं यातला फरक कळणं. बाराएकशे वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा कॉमा नव्हता आणि कुणाचं अडतही नव्हतं. कुराणात कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही याच्या बारीक खुणा ओळीच्या वर असतात, पण त्या पठणासाठी, पत्र लिहिताना कोण घालतंय.

आज दिसतात ती चिन्हं पाहुणी आहेत. 1912 साली कैरोत अहमद झकी पाशांनी विरामचिन्हांवर एक छोटं पुस्तक काढलं, युरोपातली चिन्हं घेतली, आणि उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून कॉमा आणि प्रश्नचिन्ह उलटं केलेलं आपण बघतोच. चिन्हं आली पण व गेला नाही. दोघेही एकाच घरात राहतात आणि काम व करतो. त्यामुळे कॉमा मनाला येईल तिथे, आणि फुलस्टॉप परिच्छेद संपला की शिष्टाचार म्हणून. पेपरातल्या बातम्याही तशाच, मंत्री म्हणाले की अमुक, "मुशीरन" म्हणजे निदर्शनास आणत की तमुक, "मुअक्किदन" म्हणजे ठासून सांगत की अजून काही, मंत्री दमतील पण वाक्य नाही. आपण फार हसायचं कारण नाही, मोडीत तर दोन शब्दांमधे फट पण नसायची, ओळ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. आपल्याकडे इंग्रजी वळणाची विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडींना देतात. फरक एवढाच की आपण चिन्हं घेतली आणि जुने सांधे बऱ्यापैकी सोडून दिले.

काकांच्या निकालाकडे येते. हकीकत संपल्यावर प्रत्येक परिच्छेद "व हैसु इन्न" ने सुरू होतो. याला मात्र मराठीत तयार माल आहे, सरकारी अधिसूचनेतलं "ज्याअर्थी". ज्याअर्थी करार सिद्ध झालाय, आणि ज्याअर्थी कंपनीने पगार दिल्याची पावती आणली नाही, आणि ज्याअर्थी, आणि ज्याअर्थी. पानं उलटतात, त्याअर्थी काही येत नाही. ते येतं शेवटी, "फ लिहाझिहिल अस्बाब", म्हणून या कारणांसाठी. हा "फ" पण चिकटूच, पण माझा लाडका, कारण तो आला की घर आलं. मी हल्ली निकाल उघडला की टिंबाच्या पाठोपाठ हा फ शोधते आणि तिथून उलटं वर चढते.

फ च्या खाली लिहिलं होतं, कोर्टाने कंपनीला हुकूम केला वादीला थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी आणि तिकीट देण्याचा, "आणि त्याव्यतिरिक्तच्या मागण्या फेटाळल्या".

काकांना तसं लिहून पाठवलं, आठ छोट्या वाक्यांत, प्रत्येकाला स्वतःचा फुलस्टॉप. मिनिटात फोन. "पैसे मिळणार, बरं झालं. पण त्याव्यतिरिक्तच्या म्हणजे कुठल्या गं?"

ते निकालात लिहिलेलं नसतं. ते पहिल्या पानावरच्या त्या थोडक्यात हकीकतीमधून वजाबाकी करून काढावं लागतं. गेले परत वर. पगार मिळाला, काट. ग्रॅच्युइटी, काट. तिकीट, काट. खर्चाचा हुकूम खाली वेगळा होता, काट. उरलं काय तर ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे. मग ते का फेटाळले हे बघायला मधल्या सगळ्या ज्याअर्थींमधून पुन्हा एक फेरी, तर चौथ्या पानावर दोन कॉमांच्या बेचक्यात सापडलं: रजेचे पैसे घेतल्याची काकांच्या सहीची पावती कंपनीने हजर केली, आणि ओव्हरटाइमचा पुरावा वादीने दिला नाही.

"पुरावा म्हणजे?" काका म्हणाले. "डायरी होती की माझी. सगळे तास लिहिलेत."

"मराठीत?"

"मग काय अरबीत लिहू? रोज लिहायचो. सकाळी निघालो आणि एअरपोर्टला गेलो आणि साहेबांच्या मेव्हण्याला आणला आणि मग वर्कशॉपला आणि..."